धागा: बिलाखाली काय छापावं म्हणजे गिऱ्हाईक परत येईल? (मिठाईचं दुकान, ५८ मिमीचा रोल)

खवा_आणि_खडीसाखर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. खानापूरला मिठाईचं दुकान आहे. कुंदा, पेढे, करदंट, जिलेबी आणि फरसाण. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक गावातलं आणि आसपासच्या खेड्यांतलं, जे आठवड्याला येतं. दुसरं गोव्याला जाता-येता गाडी थांबवून कुंदा नेणारं. बोलायला मराठी, कन्नड, कोकणी सगळंच.

बिलाच्या तळाशी सध्या इंग्रजीत 'थँक यू, व्हिजिट अगेन' येतं, मशीनबरोबर आलेलंच. त्या जागी असं काहीतरी छापायचंय की लोक खरंच परत येतील. सॉफ्टवेअरमध्ये फूटरची चौकट आहे, चार ओळींची. मराठी टाइप केलं तर बिलावर नुसती प्रश्नचिन्हं येतात. म्हणजे मजकूर काय लिहायचा आणि तो मराठीत उमटवायचा कसा, दोन्ही विचारालेय. दिवसाला सरासरी २०० बिलं निघतात.

शहापूरकर (सोमवार, रात्री १०.०५)

थर्मल प्रिंटरवर मराठी येतच नाही ओ. त्यात इंग्रजी अक्षरंच भरलेली असतात. 'DHANYAWAD PUNHA YA' असं लिहा आणि मोकळे व्हा. आमच्या गल्लीत सगळे तेच करालेत.

निपाणी_नाका (सोमवार, रात्री १०.२०)

बॉक्सवर निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, पत्ता आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह पाहिजे. स्टिकर ५० बाय ३० मिमीचा घ्या, लहान घेतला तर तारीख वाचता येत नाही.

खवा_आणि_खडीसाखर (सोमवार, रात्री १०.२६)

दादा, बॉक्सचं स्टिकर नव्हे, बिलाचा तळ विचारलाय. स्टिकरचं काम आधीच झालंय.

रोलवाला (सोमवार, रात्री ११.१०)

शहापूरकरांचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात हे खरं. खरं, त्यावरून मराठी छापता येत नाही असं होत नाही. प्रिंटरला काम दोन तऱ्हांनी देता येतं. एक म्हणजे अक्षरांचे नुसते आकडे पाठवायचे आणि प्रिंटरनं आपल्या पोटातली अक्षरं काढायची. देवनागरीचा आकडा त्या यादीत नसला की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. तुमचं हेच होतंय. दुसरी तऱ्हा म्हणजे ओळ आधी कॉम्प्युटरवर चित्र म्हणून काढायची आणि ते चित्र ठिपक्याठिपक्यानं पाठवायचं. चित्र मराठीचं आहे की कमळाचं, याच्याशी प्रिंटरला काही देणंघेणं नसतं.

म्हणून आधी हे बघा. विंडोजवर प्रिंटर 'Generic / Text Only' या नावानं बसवलाय का? तसं असेल तर टाइप केलेलं मराठी येणार नाही. प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर टाका आणि पुन्हा एक बिल काढा. काही सॉफ्टवेअर ड्रायव्हरमधून छापतात, त्यांचं काम तेवढ्यावर होतं. काही सॉफ्टवेअर ड्रायव्हर असूनही आकडेच पाठवतात. तसं असलं तर फूटरला चित्र जोडायची सोय आहे का शोधा. बहुतेकांत लोगो वर टाकायची सोय असते, काहींत तळालाही असते.

मोबाइलवरून ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर छापत असाल तर चित्राशिवाय गत्यंतर नाही असंच धरा.

खवा_आणि_खडीसाखर (मंगळवार, सकाळी ७.१५)

बघितलं. 'Generic / Text Only'च होतं. ड्रायव्हर बदलला तरी प्रश्नचिन्हं तशीच. खरं तळाला चित्र टाकायची सोय आहे. ते चित्र करायचं कसं? एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं टाकलं तर पूर्ण काळा पट्टा आला बघा, अक्षर एकही नाही.

रोलवाला (मंगळवार, दुपारी १.३०)

काळा पट्टा म्हणजे चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक होती. पडद्यावर ती पांढरी दिसते, प्रिंटर तिला काळी धरतो. पांढरी पार्श्वभूमी भरून घ्या.

आता मापं. ५८ मिमीच्या रोलवर प्रत्यक्ष छपाई ४८ मिमी रुंद होते, आणि एका मिलिमीटरला ८ ठिपके. म्हणजे चित्र नेमकं ३८४ ठिपके रुंद करायचं. ८०० चं करून सॉफ्टवेअरला लहान करायला लावलं की वेलांट्या आणि रफार फुटतात. सुरुवातच ३८४ नं करा. अक्षराचा आकार ३२ ठिपक्यांच्या खाली नेऊ नका. २४ ला 'द्ध', 'क्ष', 'ष्ट' यांची पोटं भरून काळा गोळा होतो. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालतं, जाडी मध्यम. बारीक रेघेचं, वळणदार अक्षर पडद्यावर देखणं दिसतं, खरं रोलवर शिरोरेघ तुटक येते.

३२ च्या आकाराला ओळीत साधारण १८ ते २० अक्षरं बसतात, जोडाक्षर एक धरून. मजकूर लिहायच्या आधी हा आकडा समोर ठेवा.

शेवटचं म्हणजे चित्रात फक्त काळं आणि पांढरं पाहिजे. अक्षरांच्या कडेला जी करडी छटा असते, ती प्रिंटर ठिपक्यांची रांगोळी करून छापतो आणि अक्षर धुरकट दिसतं. इमेजमॅजिक असेल तर एका ओळीत होतं:

```
magick footer.png -background white -flatten -colorspace Gray -threshold 60% -type bilevel BMP3:footer.bmp
```

अक्षर बारीक वाटलं तर ६० चे ७० करा, जाड होईल. गोळा होत असेल तर ५० वर या.

जिलेबी_गरम (मंगळवार, दुपारी २.०५)

छपाई झाली, आता मजकुराचं बोला. माझं मत असं की बिलाखालचं कुणी वाचत नाही. लोक एकूण रक्कम बघतात आणि कागद टाकतात. दुकानाच्या पायरीवर बघा, किती बिलं पडलेली असतात.

दोन_भाषा_एक_पेढा (मंगळवार, सायंकाळी ५.४०)

जिलेबी, तुम्हीच उत्तर दिलंय. लोक एकूण रक्कम बघतात, म्हणजे नजर तिथपर्यंत हमखास जाते. त्या आकड्याच्या लगेच खाली जी ओळ असेल ती वाचली जाते. त्याखाली कर, लायसन नंबर, कॅशिअरचं नाव, वेळ असं सहा ओळी गेल्यावर 'पुन्हा भेट द्या' आलं तर कोण वाचणार? म्हणून एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर वर दुकानाच्या नावाखाली न्या. तो बिलावर पाहिजेच, १ जानेवारी २०२२ पासून सक्ती आहे, खरं तळाची जागा अडवून बसायची गरज नाही.

आता मजकूर. 'पुन्हा भेट द्या' यात गिऱ्हाइकाच्या कामाचं काय आहे? काही नाही. कामाचं असेल तर बिल खिशात जातं. मिठाईच्या बिलावर कामाच्या गोष्टी मला दोनच दिसतात. नेलेली मिठाई कशी ठेवायची ही एक, आणि पुढच्या वेळी कधी आलं तर काय मिळेल ही दुसरी.

तुमच्या गोवेकर गिऱ्हाइकाचं बघा. कुंदा गाडीत, बाहेर ऊन, घरी पोचेपर्यंत काही तास. घरी गेल्यावर तो फ्रिजमध्ये टाकतो, दुसऱ्या दिवशी थेट फ्रिजमधला घट्ट कुंदा खातो आणि म्हणतो 'मागच्या वेळसारखा नव्हता'. तुपाचा पदार्थ थंड झाला की तूप गोठतं, जिभेवर चिकट लागतं आणि खव्याचा वास दबतो. त्याला 'खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा' एवढं कळलं तर तोच कुंदा त्याला बरा लागेल. परत यायचं कारण तिथं तयार होतं, आभार मानून नव्हे.

माझा कच्चा मसुदा:

```
कुंदा फ्रिजमध्ये ठेवा.
खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.
गरम जिलेबी बुध-शनि ५ नंतर
ऑर्डर आदल्या दिवशी १२ पर्यंत
```

हिशेबनीस_चिकोडी (मंगळवार, रात्री ८.५०)

मसुदा चांगला. दोन गोष्टी सांगतो.

'बुध-शनि' असं लिहिलं तर बुधवार ते शनिवार रोज मिळते असं कुणीही वाचेल. शुक्रवारी आलेल्या माणसाला जिलेबी नसली तर बिल दाखवून भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल. 'बुधवार व शनिवार' लिहा, ओळ वाढली तरी वाढू दे.

दुसरी, कुठं किती दिवस टिकेल ते लिहायचं मनात आलं तर जपून. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' हे १ ऑक्टोबर २०२० पासून लावावं लागतं. ट्रेवर एक तारीख आणि बिलावर 'पाच दिवस टिकतो' असं झालं तर दोन्हींत फरक पडतो, कारण ट्रेमधला माल काल बनलेला असू शकतो आणि बिल आज निघतं. फूटरचं चित्र रोज तेच छापतं, त्याला कालचा माल की आजचा ते कळत नाही. म्हणून तळाला दिवसांचा आकडा नकोच. कसा ठेवायचा एवढंच लिहा.

शहापूरकर (मंगळवार, रात्री ९.१५)

आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे विसरू नका. ते नसलं तर लोक अर्धा किलो खाऊन अर्धा परत आणतात.

हिशेबनीस_चिकोडी (मंगळवार, रात्री ९.३२)

ती ओळ काढाच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं हे अनुचित व्यापारात धरलंय. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत द्यायचे. म्हणजे ती ओळ छापून तुम्हाला संरक्षण मिळत नाही, उलट आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच बिलावर छापून देता. दुधाच्या मिठाईला ३० दिवस म्हणजे हसायची गोष्ट, म्हणून स्वतःची मुदत छापावी: 'तक्रार असल्यास २४ तासांत बिलासह आणा'. नुसतं आवडलं नाही म्हणून अर्धा खाऊन आणलं, तो दोष नव्हे. तिथं नाही म्हणायला तुम्ही मोकळे आहात.

आणखी एक, परत येण्याच्या दृष्टीनं. दार लावून घेणाऱ्या वाक्याखाली 'पुन्हा या' लिहिलेलं वाचायला कसं वाटतं ते बघा.

शहापूरकर (मंगळवार, रात्री ९.४०)

२४ तासांत गोव्याचा माणूस कसा आणणार?

हिशेबनीस_चिकोडी (मंगळवार, रात्री ९.५१)

बरोबर. त्याच्यासाठी 'फोन करा' घाला, म्हणजे फोटो पाठवता येईल. २४ तास पुरेसे मानले जातील की नाही हे प्रकरण आयोगासमोर गेलं तर तिथंच ठरेल, मी त्यावर शिक्का मारत नाही.

जिलेबी_गरम (बुधवार, सकाळी ८.००)

एवढं वाचायला लावण्यापेक्षा 'हे बिल आणा, १० टक्के सूट' लिहा. सरळ हिशेब. लोक धावत येतील.

रोलवाला (बुधवार, सकाळी ११.२०)

ज्यावर सूट द्यायची ते बिल थर्मल कागदावर आहे, हे लक्षात घ्या. त्यावर शाई नसते, कागदाचाच थर तापून काळा झालेला असतो. तूप आणि तेल लागलं की तो थर विरतो आणि छपाई फिकट होत जाते. मिठाईच्या दुकानात पोरगं बिल थेट बॉक्सवर ठेवून दोरी बांधतं, किंवा बॉक्सच्या आतच सरकवतं. आठ दिवसांनी ते बिल परत आलं तर तारीखच दिसत नाही. गाडीच्या काचेपाशी ठेवलं तर उलटं, सगळा कागद काळवंडतो. आपल्या रोलची परीक्षा करायची तर एका बिलाच्या कोपऱ्याला बोटानं तूप लावा आणि रात्रभर ठेवा. स्वस्त रोल असेल तर सकाळी तो कोपरा कोरा सापडेल. वर संरक्षक थर असलेला रोल थोडा महाग पडतो, खरं बराच काळ टिकतो.

आणि बिल बॉक्सच्या आत न टाकता पिशवीत बाहेरून, कोरड्या जागी टाकायचं, हे काउंटरवरच्या पोराला सांगा.

दोन_भाषा_एक_पेढा (बुधवार, दुपारी ३.४५)

१० टक्क्यांबद्दल. समजा ४०० रुपयांचं बिल. १० टक्के म्हणजे ४० रुपये सरळ गल्ल्यातून गेले, आणि कुंद्याचा भाव ४० नं कमी झाला असं त्याच्या डोक्यात बसलं. पुढच्या वेळी पूर्ण भाव त्याला जास्त वाटणार. त्याऐवजी ५० ग्रॅम शेव द्या. २४० रुपये किलो भाव धरला तर विक्रीनं १२ रुपयांची, तुम्हाला पडते त्याहून कमी. हातात पुडी आलेली दिसते, आणि कुंद्याच्या भावाला धक्का लागत नाही. बरं, शेव खाल्ली आणि आवडली तर पाव किलो घेऊन जाईल.

नियम मात्र तिथंच, त्याच तळाला लिहून टाका: 'मूळ बिल, १५ दिवसांत, ५० ग्रॅम शेव'. 'मूळ' हा शब्द पाहिजेच, नाहीतर एका बिलाचे फोटो घरातले पाच जण आणतील. मुदतीची तारीख छापायची भानगड नको, चित्रात तारीख बदलत नाही. वर बिलाची तारीख असतेच, तिच्यापासून १५ दिवस मोजायचे. शेव दिली की तळाचा तुकडा फाडून डब्यात टाकायचा, म्हणजे तेच बिल दुसऱ्यांदा येत नाही. किमान रकमेची अट घालायची असेल तर ती २०० सारखी गोल ठेवा, काउंटरवर वाद होत नाही.

जिलेबी_गरम (बुधवार, दुपारी ४.१०)

आणि त्यानं माणूस परत आला हे कसं कळणार? गल्लीतला गिऱ्हाईक शनिवारी येणारच होता. त्याला तुम्ही शेव फुकट दिली.

दोन_भाषा_एक_पेढा (बुधवार, दुपारी ४.३५)

पूर्ण नाही कळणार, मान्य. डब्यातले तुकडे मोजा. १५ दिवसांत ३००० बिलं निघाली आणि डब्यात ९० तुकडे, म्हणजे शंभरात तीन. त्यातले रोजचे किती, हे काउंटरवरच्या माणसाला चेहऱ्यानं माहीत असतं. ओळखीच्याचा तुकडा एका डब्यात, अनोळख्याचा दुसऱ्या. अनोळखी डबा रिकामाच राहिला तर शेव बंद करा आणि ती ओळ जिलेबीला द्या. फक्त एक पंधरवडा सणाचा आणि दुसरा साधा अशी तुलना करू नका, गणपतीच्या आठवड्यात कोणतीही ओळ चांगलीच ठरते.

जिलेबी_गरम (बुधवार, दुपारी ४.५०)

गर्दीत पोरगं दोन डबे सांभाळेल असं तुम्हाला वाटतं? बरं.

निपाणी_नाका (बुधवार, सायंकाळी ६.२०)

आता बिलाचंच बोलतो. तळाला क्यूआर टाका, व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतील. आमच्याकडं टाकलाय. खरं लोक पैसे द्यायला तोच स्कॅन करतात आणि 'होत नाही, होत नाही' म्हणतात.

रोलवाला (बुधवार, रात्री ९.००)

क्यूआर म्हटलं की लोकांना पैसेच आठवतात. म्हणून वरच्या ओळीत 'ऑर्डरसाठी स्कॅन करा' मोठ्या अक्षरात पाहिजे. खाली लिहिलं तर उपयोग नाही, तोवर मोबाइल उघडलेला असतो.

आत काय भरायचं ते सांगतो. फक्त एवढंच:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

हे २६ अक्षरांचं होतं आणि २५ बाय २५ चौकटींच्या क्यूआरमध्ये मध्यम सुरक्षेसह नेमकं बसतं. एक चौकट ६ ठिपक्यांची केली तर क्यूआर १५० ठिपके, म्हणजे १९ मिमीच्या आसपास. कुठल्याही मोबाइलला हे वाचता येतं. लोक हौसेनं पुढं मराठी मजकूर जोडतात, 'कुंदा पाहिजे' वगैरे. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. 'कुंदा' या शब्दात क, उकार, अनुस्वार, द, काना अशी पाच चिन्हं, म्हणजे ४५ अक्षरं एका शब्दाला. चौकटी बारीक होत जातात आणि फिकट छपाईवर स्कॅन होत नाही. चारी बाजूंना चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडा, मजकूर चिकटवू नका.

मोठा काळा लोगो तळाला लावू नका. काळ्या पट्ट्याला प्रिंटरला जास्त वीज लागते. बॅटरीवरच्या छोट्या मशीनवर त्याच्यानंतरची ओळ फिकट येते किंवा मशीन मध्येच थांबतं. आणि चित्र संपल्यावर तीन-चार रिकाम्या ओळी सोडायला सांगा सॉफ्टवेअरला. फाडायची दातेरी पट्टी छपाईच्या डोक्यापासून थोडी पुढं असते. ओळी सोडल्या नाहीत तर तळाची ओळ मशीनमध्येच अडकते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलाच्या डोक्यावर निघते.

खवा_आणि_खडीसाखर (बुधवार, रात्री १०.१५)

क्यूआर सध्या नको, आधी ओळी. कागदाचा खर्च किती वाढेल रोलवाले दादा?

रोलवाला (बुधवार, रात्री १०.३५)

पाच ओळी, ओळीला ४४ ठिपके धरले तर २२० ठिपके, म्हणजे बिल २७-२८ मिमीनं लांबेल. २०० बिलांना साडेपाच मीटर रोजचे. रोल १५ मीटरचा असेल तर साधारण तीन दिवसांला एक रोल जादा. रोल घेताना वजन न बघता वर लिहिलेली लांबी बघा. जाड नळकांडीवर कमी कागद गुंडाळलेला असतो.

शहापूरकर (गुरुवार, सकाळी ९.१०)

एक विचारतो. बोर्डावर ६० टक्के कन्नडचा नियम आहे ना, मग बिलाचं काय? नुसतं मराठी छापलं तर कुणी येऊन दंगा करेल.

हिशेबनीस_चिकोडी (गुरुवार, सकाळी १०.००)

२०२४ च्या दुरुस्तीतला ६० टक्क्यांचा नियम नामफलकांचा आहे. बिलाच्या तळाला तो लावायचा की नाही याबद्दल इथं छातीठोकपणे कुणी सांगू नये. तुमच्या कर सल्लागाराला किंवा नगरपंचायतीत विचारा.

दोन_भाषा_एक_पेढा (गुरुवार, दुपारी १२.३०)

नियम बाजूला ठेवला तरी कन्नड ओळ पाहिजेच. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे म्हणून. फक्त मराठी ओळीचं शब्दशः कन्नड करून लांबण लावू नका. तळाला 'मत्ते बन्नी' एवढं बस, कन्नड लिपीत. काउंटरवर आपण बोलतो तेच आहे ते.

छापताना एक अडचण येते. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, आणि या दोन्ही शब्दांत तसं एकेक आहे, 'त्ते' आणि 'न्नी'. देवनागरीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर कन्नडला पुरत नाही. खालचा भाग कापला जातो आणि वाचणाऱ्याला वेगळंच अक्षर दिसतं. त्या ओळीला उंची ५२ ठिपके तरी द्या. चित्राची खालची कडही थोडी सोडून ठेवा. छापल्यावर कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी एकदा मोठ्यानं वाचून घ्या. मराठीतल्या चुका आपल्याला खटकतात, कन्नडमधल्या आपल्याला कळणार नाहीत.

ठेवण्याची सूचना कन्नडमध्येही द्यायची का, यावर माझं मत पक्कं नाही. जागा बघून ठरवा.

खवा_आणि_खडीसाखर (गुरुवार, रात्री ९.२०)

सगळ्यांचं ऐकून असं केलंय. शेवेची ओळ पहिल्या पंधरवड्याला ठेवते, डबे दोन लावते.

```
कुंदा फ्रिजमध्ये ठेवा.
खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.
गरम जिलेबी: बुधवार
व शनिवार, संध्या. ५ नंतर
मूळ बिल १५ दिवसांत आणा,
५० ग्रॅम शेव घेऊन जा.
तक्रार: २४ तासांत फोन करा
```

शेवटी 'मत्ते बन्नी' कन्नडमध्ये. आठ ओळी झाल्या. दिवाळीच्या ऑर्डरची ओळ घालायला जागाच नाही.

हिशेबनीस_चिकोडी (गुरुवार, रात्री ९.४५)

फोन करा म्हटलंय, मग नंबर वर दुकानाच्या नावाखाली आहे ना? आणि तो दुकानात कुणी उचलतो ना?

दिवाळीसाठी वेगळं चित्र करून ठेवा, बदलायला मिनिट लागत नाही. सणाच्या तीन आठवडे आधी जिलेबीच्या जागी ऑर्डरची ओळ. नागपंचमीच्या लाडवांचंही तसंच. सण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जुनं चित्र परत लावायला विसरू नका. पाडव्यानंतर 'दिवाळीची ऑर्डर द्या' छापणारी बिलं बरीच बघितलीत.

निपाणी_नाका (गुरुवार, रात्री १०.००)

आठवड्याची सुट्टी कुठं लिहिलीय? गोव्यातून वाट वाकडी करून आला आणि शटर खाली, मग तो तिसऱ्यांदा येत नाही.

दोन_भाषा_एक_पेढा (गुरुवार, रात्री १०.१२)

निपाणीकरांनी नेमकं बोट ठेवलं की ओ. ती ओळ शेवेच्याही वर पाहिजे.

जिलेबी_गरम (गुरुवार, रात्री १०.२०)

मग काढणार काय? नऊ ओळी म्हणजे पंचांग झालं.

खवा_आणि_खडीसाखर (गुरुवार, रात्री १०.४०)

सुट्टी सोमवारी. 'कुंदा फ्रिजमध्ये ठेवा' काढते, फ्रिजमध्ये तर सगळे ठेवतातच. 'कुंदा खाण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर' एवढं एका ओळीत बसतंय का बघालेय, १९ होतालेत, अगदी काठावर.

रोलवाला (गुरुवार, रात्री १०.५५)

'कुंदा' ३६ मध्ये वेगळ्या ओळीत मध्यभागी घ्या, बाकीचं खाली ३२ मध्ये. नाहीतर 'अर्धा तास'चं 'अर्ध्या तासापूर्वी' वगैरे करत बसाल. २८ वर मात्र उतरू नका, उद्या सकाळी प्रिंट काढून फोटो टाका, मग 'र्ध' भरतोय का ते सांगतो.